अर्ध-समतुल्य बिंदूवर ४.८७ का आला?

प्रश्न: बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाजारातलं व्हिनेगर दहापट पातळ करून त्याचे २५ मिली ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच मीटर लावून अनुमापन केलं. समतुल्य बिंदू १६.६५ मिलीला आला. त्याच्या अर्ध्यावर, म्हणजे ८.३ मिलीला, पीएच ४.८७ मिळाला. पुस्तकात ॲसिटिक आम्लाचा पीकेए ४.७६ आहे. सुरुवातीचा पीएच ३.२९ होता आणि १७ मिलीला १०.५४. मीटर सकाळीच पीएच ७ च्या बफरवर लावून घेतला होता. प्रयोगशाळेत सगळे म्हणतात, ब्युरेटचं वाचन चुकलं असणार. अर्ध्या बिंदूलाच पीकेए का मिळतो तेही नीट कळलेलं नाही.

उत्तर: ब्युरेटवर संशय घेण्याचं कारण नाही. तुम्ही दिलेल्या तीन पीएचांतच दोषी कोण ते दिसतंय, आणि माझ्या मते तो इलेक्ट्रोड आहे, किंवा नेमकं सांगायचं तर तो एकाच बफरवर लावून घेणं. पण ते पटायला आधी अनुमापनाचा वक्र वाचता यायला हवा, म्हणून तिथून सुरुवात करतो.

पहिल्या थेंबाआधी बीकरमध्ये जवळजवळ सगळं आम्ल अखंड रेणूंच्या रूपात असतं, ॲसिटेट आयन अगदी थोडे असतात. सोडियम हायड्रॉक्साइड पडू लागलं की प्रत्येक हायड्रॉक्साइड आयन एका आम्लरेणूचं ॲसिटेटमध्ये रूपांतर करतो. सुरुवातीला ॲसिटेट इतकं कमी असतं की थोड्याशा भरीनेही त्याचं आम्लाशी असलेलं गुणोत्तर कित्येक पटींनी बदलतं. म्हणून पहिल्या दोन-तीन मिलीत पीएच झपाझप चढतो. दुर्बल आम्लाच्या वक्राला डावीकडे जी लहानशी चढण दिसते ती हीच. ती पाहून बरेच जण समजतात की सुरुवातीला काही गडबड झाली, पण ती तशीच दिसायला हवी. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वक्राला ती नसते.

पुढे दोघांचं प्रमाण बरोबरीकडे येतं आणि वक्र आडवा पडतो. इथे द्रावण बफर झालेलं असतं. या सगळ्या पट्ट्यात पीएच एकाच सूत्राने चालतो:

```
pH = pKa + log([A-]/[HA])
```

इथे A- म्हणजे ॲसिटेट आणि HA म्हणजे शिल्लक आम्ल. हेंडरसनने १९०८ साली हा संबंध मांडला आणि हॅसलबाल्खने १९१७ मध्ये त्याला लॉगरिदमचं रूप दिलं. अर्ध-समतुल्य बिंदूचं मर्म याच ओळीत आहे. समतुल्य बिंदूला जेवढं सोडियम हायड्रॉक्साइड लागतं त्याच्या बरोबर निम्मं घातलं की निम्म्या आम्लाचं ॲसिटेट झालेलं असतं आणि निम्मं आम्ल शिल्लक असतं. गुणोत्तर १ होतं, १ चा लॉग शून्य, आणि पीएच थेट पीकेए इतका. निम्मं करायचं ते आकारमान. समतुल्य बिंदूच्या पीएचला दोनने भागून ४.३ काढलेल्या वह्या मी अजूनही तपासतो, म्हणून हे वेगळं सांगितलं.

आता या सूत्रात काय नाही ते बघा. आम्लाची संहती नाही, सोडियम हायड्रॉक्साइडची संहती नाही, एकूण आकारमानही नाही. दोन्ही घटक एकाच बीकरमध्ये असल्यामुळे आकारमान वर-खाली छेदून जातं. त्यामुळे इलेक्ट्रोड नीट बुडावा म्हणून तुम्ही बीकरमध्ये ५० मिली पाणी आणखी ओतलं, तरी अर्ध्या बिंदूचा पीएच नगण्यच हलेल. सोडियम हायड्रॉक्साइड ०.१ मोलर आहे की ०.०९७, याने ब्युरेटवरचा समतुल्य बिंदू सरकेल, पण त्याच्या निम्म्यावरचा पीएच तोच राहील. पीकेएसाठी सोडियम हायड्रॉक्साइडचं प्रमाणीकरणसुद्धा लागत नाही.

म्हणजे एकाच वक्रातून दोन वेगळी उत्तरं निघतात. आडवा अक्ष व्हिनेगरची संहती सांगतो, उभा अक्ष पीकेए सांगतो. ब्युरेटची, पिपेटची, प्रमाणीकरणाची चूक जवळजवळ सगळी पहिल्या उत्तरात जाते. मीटरची चूक जवळजवळ सगळी दुसऱ्यात जाते. हे ध्यानात ठेवलं की कुठला आकडा बिघडला त्यावरून कुठे शोधायचं ते कळतं.

तुमच्याच प्रमाणांचं व्हिनेगर आणि बफरवर नीट लावलेला मीटर घेतला तर वाचनं साधारण अशी येतील:

| घातलेलं सोडियम हायड्रॉक्साइड (मिली) | पीएच |
|---|---|
| ० | २.९७ |
| २.० | ३.८६ |
| ४.० | ४.२१ |
| ८.० | ४.६६ |
| ८.५ | ४.७१ |
| १२.० | ५.१० |
| १६.० | ६.०७ |
| १६.४ | ६.५१ |
| १६.५ | ६.७५ |
| १६.६ | ७.२९ |
| १६.७ | १०.०७ |
| १६.८ | १०.५० |
| १७.० | १०.८५ |

समतुल्य बिंदू डोळ्यांनी ठरवू नका. उडीच्या आसपास ०.१ मिलीच्या पायऱ्यांनी वाचनं घेतली असतील तर लागोपाठच्या दोन वाचनांतला पीएचचा फरक आकारमानाच्या फरकाने भागा. १६.५ ते १६.६ मध्ये तो ५.४ येतो, १६.६ ते १६.७ मध्ये २७.८ आणि १६.७ ते १६.८ मध्ये ४.३. चढ सर्वाधिक कुठे आहे ते नेमकं पकडायला या उतारांचाच पुन्हा फरक घ्या. १६.६० ला तो +२२४ आहे आणि १६.७० ला −२३५. शून्य या दोहोंच्या साधारण मधोमध, १६.६५ मिलीला. तुमचा आकडा हाच आहे. त्यातून संहती काढा: २५ मिलीत १.६६५ मिलिमोल, म्हणजे पातळ द्रावण ०.०६६६ मोलर, मूळ व्हिनेगर ०.६६६ मोलर, म्हणजे लिटरला ४० ग्रॅम. चार टक्क्यांचं व्हिनेगर दुकानात सर्रास मिळतं. तुमच्या बाटलीवरही तोच आकडा छापलेला असेल, तर आडव्या अक्षावर काहीच बिनसलेलं नाही.

समतुल्य बिंदूचा पीएच ७ नसतो हेही इथे दिसतं. त्या क्षणी बीकरमध्ये सुमारे ०.०४ मोलर सोडियम ॲसिटेट असतं आणि ॲसिटेट पाण्याकडून थोडे प्रोटॉन ओढून घेतं, म्हणून पीएच ८.७ च्या आसपास येतो. फेनॉल्फ्थॅलीनचा रंग साधारण ८.२ पासून पुढे बदलतो, त्यामुळे ते इथे चालतं. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये बदलतं, म्हणजे या द्रावणात पहिल्या काही थेंबांपासून साडेपाच मिलीपर्यंत ते रेंगाळत रंग बदलत राहील आणि अंत्यबिंदू म्हणून काहीच सांगणार नाही.

आता ब्युरेटवरच्या आरोपाकडे वळू. अर्धा बिंदू ही बफर पट्ट्यातली सगळ्यात सपाट जागा आहे. आडव्या अक्षावर थोडं इकडे-तिकडे झालं तरी पीएच फारसा हलत नाही. तक्त्यात बघा, ८.० ते ८.५ या अर्ध्या मिलीत पीएच फक्त ०.०५ ने वाढतो. समजा, समतुल्य बिंदू ठरवताना तुमची ०.३ मिलीची चूक झाली. अर्ध्या बिंदूत ती ०.१५ मिलीची होईल आणि पीएचमध्ये ०.०१५ च्या आसपास. कुणी पीएच ७ लाच समतुल्य बिंदू धरला, तर तो १६.५६ मिली धरेल. संकल्पना साफ चुकीची, तरी पीकेएमध्ये फरक पडेल जेमतेम ०.००४ चा. उलट बाजूने मोजा: अर्ध्या बिंदूला ४.६९ ऐवजी ४.८७ यायला वाचन ८.३ नव्हे तर १० मिलीवर घ्यावं लागेल, म्हणजे समतुल्य बिंदू २० मिलीला असायला हवा. साडेतीन मिलीची चूक ब्युरेटवर होत नाही, आणि झाली असती तर तुमचं व्हिनेगर पावणेपाच टक्क्यांचं निघालं असतं.

राहिला मीटर. मीटरच्या चुका मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एकीत सगळी वाचनं सारख्याच अंतराने वर किंवा खाली सरकतात. दुसरीत इलेक्ट्रोडचा उतार कमी पडतो. २५ अंश सेल्सिअसला पीएचच्या एका एककामागे काचेच्या इलेक्ट्रोडने ५९ मिलिव्होल्ट द्यायला हवेत. म्हातारा, कोरडा पडलेला किंवा नीट न धुतलेला इलेक्ट्रोड ५४-५५ च देतो. मीटर एकाच बफरवर, ७ वर, लावला असेल तर त्याला हे कळायला मार्गच नसतो. तो ५९ धरूनच भागाकार करतो. मग ७ ला वाचन अचूक येतं आणि ७ पासून जितकं लांब जाल तितकं वाचन ७ कडे ओढलं जातं, आम्लाच्या बाजूला जास्त आणि अल्कलीच्या बाजूला कमी.

तुमची तीन वाचनं या कसोटीवर घासून बघू. ०.०६६६ मोलर ॲसिटिक आम्लाचा सुरुवातीचा पीएच हिशोबाने २.९७ यायला हवा: संहती आणि आम्ल-स्थिरांक १.७४ × १०⁻⁵ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ १.०८ × १०⁻³ येतं. तुम्हाला ३.२९ मिळाला. ७ पासूनचं अंतर ४.०३ हवं होतं, मिळालं ३.७१, म्हणजे ०.९२ पट. १७ मिलीला १०.८५ हवा होता, तुमचा १०.५४. अंतर ३.८५ ऐवजी ३.५४, पुन्हा ०.९२ पट. अर्ध्या बिंदूला ४.६९ हवा, तुमचा ४.८७. अंतर २.३१ ऐवजी २.१३, इथेही ०.९२ पट. आम्लाच्या बाजूची दोन वाचनं जास्त, अल्कलीच्या बाजूचं कमी, आणि तिन्ही एकाच पटीत. सगळी वाचनं सारखीच सरकली असती तर हे चित्र आलंच नसतं. तुमच्या इलेक्ट्रोडचा उतार सुमारे ९२ टक्के आहे.

पडताळायचं असेल तर मीटर मिलिव्होल्टवर टाका आणि तोच इलेक्ट्रोड ४ आणि ७ च्या बफरमध्ये बुडवून बघा. दोन वाचनांत १७७ मिलिव्होल्टच्या जवळपास फरक यायला हवा. माझ्या अंदाजाने तुम्हाला १६३ च्या आसपास मिळेल. तसं झालं तर इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी ४ आणि ७ अशा दोन बफरवर मीटर लावा आणि ९.२ च्या बफरवर तपासून घ्या. या तिन्ही बफरच्या गोळ्या प्रयोगशाळेच्या कपाटात असतात, फक्त दुसरी आणि तिसरी फोडायचा कंटाळा केला जातो. पीकेए काढायचा असेल तेव्हा तो ज्या दोन बफरच्या मधे पडतो त्या दोन्हींवर मीटर लावायलाच हवा, यात मी तडजोड करत नाही. उतार ९५ टक्क्यांच्या वर आलाच नाही तर इलेक्ट्रोड बदला.

जुनी वाचनं अगदी वाया गेलेली नाहीत. प्रत्येक वाचनाचं ७ पासूनचं अंतर ०.९२ ने भागून पुन्हा ७ मध्ये मिळवता येतं. अर्ध्या बिंदूला त्यातून ४.६८ ते ४.६९ मिळेल. मात्र वहीत आधी मूळ वाचनं लिहा, त्यांच्या बाजूला दुरुस्त केलेली, आणि कशी दुरुस्त केली तेही.

तुमच्या मनात प्रश्न आला असेल की पुस्तकात ४.७६ आहे, मग मी सारखा ४.६९ हवा असं का म्हणतोय. पुस्तकातला आकडा अनंत विरलनाचा आहे, म्हणजे आयन एकमेकांना अजिबात जाणवत नाहीत अशा कल्पित द्रावणाचा. तुमच्या बीकरमध्ये अर्ध्या बिंदूला सोडियम आणि ॲसिटेट दोन्ही ०.०२५ मोलरच्या आसपास असतात. आयनांच्या या गर्दीत ॲसिटेटची परिणामकारक संहती प्रत्यक्ष संहतीपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी भरते. विद्युतभार नसलेल्या आम्लरेणूवर हा परिणाम जवळजवळ होत नाही. म्हणून गुणोत्तर मोजून १ असलं तरी प्रत्यक्षात ०.८५ सारखं वागतं आणि पीएच ०.०७ ने खाली येतो. डेबाय-ह्यूकेलच्या सूत्राने हीच दुरुस्ती मिळते. तेव्हा ४.६९ मिळाला तर तो चुकीचा नाही, ०.०७ मिळवून ४.७६ म्हणून नोंदवता येतो. उलट, दुरुस्ती न करताच बरोबर ४.७६ आला तर मला जरा शंका येते, दोन चुका एकमेकींना झाकत असाव्यात. तापमानाचं मात्र इथे ओझं नको. ॲसिटिक आम्लाचा पीकेए २० ते ३० अंशांत जवळजवळ हलत नाही. हलतो तो इलेक्ट्रोडचा उतार, आणि त्यासाठी मीटरवर तापमान नीट भरलं की पुरे.

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडबद्दल थोडं. सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली उघडी राहिली असेल तर तिच्यात कार्बोनेट तयार होतं. त्यातून येणाऱ्या कार्बोनिक आम्लाचा पीकेए ६.३५ आहे, त्यामुळे त्याचा उपद्रव उडीच्या पायथ्याशी दिसतो: ६ ते ८ च्या दरम्यान वक्र टोकदार वळण्याऐवजी गोलसर वळतो आणि उडी आखूड होते. तुमची उडी तशी दिसत असेल तर संहतीचा आकडा थोडा बिघडेल. अर्ध्या बिंदूला त्याची झळ फार कमी लागते.

ही पद्धत सगळ्या आम्लांना लावता येत नाही. आम्ल जरा तीव्र असलं की अर्ध्या बिंदूला गुणोत्तर १ राहतच नाही, कारण आम्ल स्वतःहूनच विघटित होऊन जादा आयन देतं. क्लोरोॲसिटिक आम्लाचा पीकेए २.८६ आहे. ०.१ मोलर द्रावण घेतलं तर अर्ध्या बिंदूला हिशोबाने २.८९ येतो, हे खपून जातं. ०.०१ मोलर घेतलं तर तोच ३.०८ येतो, आणि यात मीटरचा काहीही दोष नसतो. तिथे गुणोत्तरात हायड्रोजन आयनांची संहती धरूनच गणित करावं लागतं. दुसऱ्या टोकाला फिनॉलसारखी आम्लं, ज्यांचा पीकेए १० च्या घरात आहे. त्यांच्या वक्राला पाण्यात उडीच दिसत नाही, म्हणून निम्मं करायला समतुल्य बिंदूच हाती लागत नाही.

पुढच्या वेळी कुणी व्हिनेगरऐवजी लिंबाचा रस घ्यायचं म्हणालं तर सावध राहा. त्यातल्या सायट्रिक आम्लाचे तीन पीकेए आहेत, ३.१३, ४.७६ आणि ६.४०, आणि ते इतके जवळ आहेत की वक्रावर उडी एकच दिसते. ती पाहून एकच प्रोटॉन आहे असं वाटतं. निम्मं आकारमान घेतलं तर तिथला पीएच दुसऱ्या पीकेएपाशी येतो, म्हणजे ॲसिटिक आम्लाच्याच आसपास. योगायोगाने फसवणूक पक्की होते. यावर उपाय म्हणून समतुल्य आकारमानाच्या पाव आणि पाऊण भागावरचे पीएच वाचायचे. एकच प्रोटॉन असेल तर त्या दोहोंत ३ च्या लॉगच्या दुप्पट, म्हणजे ०.९५ च्या आसपास फरक येतो. तुमच्या व्हिनेगरसारख्या द्रावणात तो ०.९३ यावा, आणि ९२ टक्के उताराच्या इलेक्ट्रोडवर ०.८६. सायट्रिक आम्लाला हाच फरक अडीच एककांच्या घरात येतो. तुमच्या वहीत ४.१६ आणि १२.४९ मिलीजवळची वाचनं असतील तर हा फरक आधी काढून बघा. तो ०.८६ च्या जवळ निघाला तर इलेक्ट्रोडच्या उताराचा आणखी एक पुरावा हाती येईल, आणि त्यासाठी सुरुवातीच्या पीएचच्या हिशोबावर अवलंबून राहावं लागणार नाही.